विनियोजन लेखापरीक्षा: तरतूद, मंजुरी आणि वित्तीय अधिकार – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे राज्य शासनाच्या कार्यालयांतील आहरण व संवितरण अधिकारी, लेखाधिकारी आणि देयके तयार करणारे लिपिक यांच्यासाठी आहेत. उदाहरणांतल्या रकमा आणि अधिकारमर्यादा समजावून सांगण्यासाठी गृहीत धरल्या आहेत. तुमच्या कार्यालयाला लागू असलेल्या मर्यादा चालू शासन निर्णयातूनच पाहाव्यात.

विनियोजन लेखापरीक्षेत नेमके काय तपासतात?

विधानमंडळाने ज्या कामासाठी जेवढे पैसे मंजूर केले, तेवढेच आणि त्याच कामासाठी खर्च झाले का, आणि तो खर्च योग्य माणसाच्या आदेशाने झाला का, हे तपासतात. संविधानाच्या कलम २६६(३) प्रमाणे कायद्याच्या आधाराशिवाय एकत्रित निधीतून रुपयाही काढता येत नाही. राज्यात हा आधार कलम २०४ खाली दरवर्षी होणाऱ्या विनियोजन अधिनियमाने मिळतो. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या १९७१ च्या अधिनियमातील कलम १३ लेखापरीक्षकावर जबाबदारी टाकते ती अशी: खर्च झालेली रक्कम त्या कामासाठी कायदेशीररीत्या उपलब्ध होती का, त्या कामाला लावण्याजोगी होती का, आणि खर्च त्याला लागू असलेल्या प्राधिकाराशी सुसंगत आहे का, हे पाहायचे.

प्रत्यक्ष तपासणीत यातून तीन प्रश्न निघतात. तरतूद होती का? खर्चाला मंजुरी होती का? मंजुरी देणाऱ्याला तेवढा अधिकार होता का? हे तिन्ही एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. एकाचे उत्तर ‘हो’ आले म्हणून दुसऱ्याचे आपोआप ‘हो’ होत नाही. आमच्या पाहण्यात कार्यालयांची बहुतेक अडचण इथेच होते.

तरतूद शिल्लक आहे आणि निधीही वितरित झाला आहे. मग वेगळ्या मंजुरीची गरज काय?

निधी वितरित होणे म्हणजे खर्चाची कमाल मर्यादा कळणे. ती मर्यादा अमुक वस्तू घ्या, अमुक दराने घ्या असे सांगत नाही. तो निर्णय मंजुरी आदेशातून होतो. म्हणून मंजुरी आदेशात काय घ्यायचे, किती घ्यायचे, अंदाजे किती रकमेत, कोणत्या लेखाशीर्षाखाली आणि कोणत्या नियमान्वये मिळालेल्या अधिकारात, हे सगळे आले पाहिजे.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. प्रशासकीय मान्यता मिळाली म्हणून पैसे मिळाले असे होत नाही. मान्यतेच्या आदेशाखाली बहुधा ‘खर्च उपलब्ध तरतुदीतून भागवावा’ असे वाक्य असते. अनेक फाइलींत ते कुणी वाचलेलेच नसते. त्या वर्षी तरतूद नसेल तर मान्यता असूनही पुरवठा आदेश देता येत नाही. दिला तर शासनावर दायित्व उभे राहते आणि पुढच्या वर्षीच्या तरतुदीतून मागच्या वर्षीची देणी भागवण्याची साखळी सुरू होते.

माझे वित्तीय अधिकार किती, हे कुठे पाहायचे आणि कसे वाचायचे?

महाराष्ट्रात मूळ आधार वित्तीय अधिकार नियमपुस्तिका, १९७८ हा आहे. त्यातल्या मर्यादा वित्त विभाग आणि संबंधित प्रशासकीय विभाग वेळोवेळी शासन निर्णयाने बदलतात. लेखापरीक्षक मर्यादा पाहतो ती मंजुरीच्या तारखेला लागू असलेली. आज मर्यादा वाढली असेल तर ती दोन वर्षांपूर्वीच्या मंजुरीला लागू होत नाही.

वाचताना नजर आधी रकमेवर जाते. पण रकमेशेजारचे शब्द आणि शर्तींचा रकाना जास्त महत्त्वाचा आहे. ‘एका वेळी’, ‘प्रति प्रकरण’ आणि ‘एका वित्तीय वर्षात’ या तीन वेगवेगळ्या मर्यादा आहेत. एका वर्षात पन्नास हजार अशी मर्यादा असेल आणि जूनमध्ये तीस हजारांची दुरुस्ती मंजूर झाली असेल, तर जानेवारीत तुमच्या हातात वीसच हजार उरतात. म्हणून अशा अधिकारांसाठी एक साधी नोंदवही ठेवावी: मंजुरीचा क्रमांक, तारीख, रक्कम, वर्षातली एकूण रक्कम. ती नोंदवही नसेल तर लेखापरीक्षक तुमच्याच देयकांवरून ती बेरीज करतो, आणि ती बेरीज तुम्हाला उशिरा कळते.

आणखी एक गोष्ट. सोपवलेला अधिकार पुढे कुणाला सोपवता येत नाही, मूळ आदेशात तशी मुभा असल्याशिवाय. कार्यालयप्रमुख दौऱ्यावर असताना दुय्यम अधिकाऱ्याने ‘करिता’ म्हणून सही केली तर फाइलवर मूळ अधिकाऱ्याची मान्यता आधीच झालेली दिसली पाहिजे. ती दिसत नसेल तर ती मंजुरी दुय्यम अधिकाऱ्याची ठरते, आणि मग त्याचे अधिकार तपासले जातात.

एखाद्या प्रकरणावरून हे समजावून सांगाल का?

एका जिल्हा कार्यालयाला ‘१३ कार्यालयीन खर्च’ या उद्दिष्ट शीर्षाखाली वर्षाला १२ लाख रुपये मिळाले आहेत असे धरू. फेब्रुवारीअखेर ७ लाख ४० हजार खर्च झाले, ४ लाख ६० हजार उरले. कार्यालयाला अभिलेखासाठी ३० लोखंडी कपाटे हवी आहेत. एका कपाटाची किंमत १३,५००, म्हणजे एकूण ४ लाख ५ हजार. फर्निचर खरेदीचा कार्यालयप्रमुखाचा अधिकार एका वेळी १ लाखापर्यंत आहे. त्यापुढचा प्रस्ताव प्रादेशिक कार्यालयाकडे जायला हवा.

मार्च सुरू झाला आहे, प्रादेशिक कार्यालयातून उत्तर यायला वेळ लागेल, आणि अनुदान व्यपगत होईल अशी धास्ती आहे. मग कार्यालयप्रमुख १२, १२, १३, १५ आणि १५ मार्च अशा तारखांचे पाच मंजुरी आदेश काढतात. प्रत्येकात सहा कपाटे, प्रत्येकाची रक्कम ८१ हजार. पाच देयके २५ मार्चला कोषागारात जातात आणि पारित होतात.

आता लेखापरीक्षक काय करतो ते पाहू. तो आधी तरतूद पाहतो. ४ लाख ६० हजार शिल्लक आणि खर्च ४ लाख ५ हजार. फर्निचर कार्यालयीन खर्चात बसते. इथे आक्षेप नाही.

दुसरे, मंजुरी. आदेश पाचही आहेत, क्रमांक आहेत, सह्या आहेत. पण तो तेवढ्यावर थांबत नाही. जडवस्तू नोंदवही मागवतो. तिथे ११ मार्चला एकाच ओळीत ३० कपाटे जमा झाल्याची नोंद आहे. म्हणजे पहिला मंजुरी आदेश निघण्याच्या आदल्या दिवशी सगळा माल कार्यालयात होता. आदेश खर्चाच्या आधी निघाला नाही, झालेला व्यवहार कागदावर बसवण्यासाठी नंतर काढला गेला.

तिसरे, अधिकार. पाचही देयके एकाच पुरवठादाराची आहेत आणि त्यांचे क्रमांक २११ ते २१५ असे ओळीने आहेत. वस्तू एकच, दर एकच, गरजेची टिप्पणीही एकच: अभिलेख कक्षासाठी ३० कपाटे. म्हणजे गरज एक होती आणि ती ४ लाख ५ हजारांची होती. मंजुरी देणाऱ्याचा अधिकार १ लाखाचा. खरेदीचे तुकडे पाडून वरिष्ठांची मंजुरी टाळली, असा आक्षेप निघतो.

परिच्छेदात कुणी पैसे खाल्ले असे लिहिलेले नसते. कपाटे आली, ती वापरातही आहेत. आक्षेप एवढाच की ज्याला हा निर्णय घ्यायचा अधिकार होता त्याच्यापर्यंत तो गेलाच नाही. आणि हा आक्षेप गंभीर आहे, कारण अधिकाराची मर्यादा घालण्यामागचा हेतूच तो आहे: रक्कम मोठी झाली की आणखी एका माणसाने गरज, दर आणि खरेदीची पद्धत पाहावी. तुकडे पाडले की स्पर्धात्मक निविदेची मर्यादाही बहुधा त्याच झटक्यात टळते. मग दर खरोखर योग्य होता का, हे सांगायला कार्यालयाकडे आधारच उरत नाही.

मग एकाच वस्तूची वर्षात दोनदा खरेदी केली तर ते तुकडे पाडणेच ठरते का?

नाही. केंद्र शासनाचे सामान्य वित्तीय नियम असोत वा राज्याचे खरेदीचे नियम, दोन्हीकडे मनाई आहे ती वरिष्ठांची मंजुरी किंवा ठरलेली पद्धत टाळण्यासाठी एका गरजेची विभागणी करण्याला. जुलैत छपाईचा कागद घेतला आणि डिसेंबरमध्ये निवडणुकीच्या कामामुळे साठा संपून पुन्हा घ्यावा लागला, तर त्या दोन गरजा आहेत. मात्र ते फाइलमधून दिसायला हवे. दुसऱ्या खरेदीच्या टिप्पणीत आधीची खरेदी कधी झाली, किती शिल्लक होती आणि नवी गरज कशामुळे उभी राहिली, हे चार ओळींत लिहा आणि साठा नोंदवहीचे पान जोडा. लेखापरीक्षक तारखांमधले अंतर, पुरवठादार आणि गरजेचा मूळ स्रोत पाहतो. नुसते अंतर असून भागत नाही. मागणी वर्षाच्या सुरुवातीलाच पूर्ण माहीत होती आणि तरी ती दर महिन्याला थोडी थोडी मंजूर केली, तर अंतर असूनही आक्षेप निघू शकतो.

देयक कोषागाराने पारित केले, बीम्सने प्राधिकारपत्रही दिले. आता आक्षेप कसा?

बीम्सवर तुमच्या लेखाशीर्षाखाली निधी शिल्लक आहे का, हे तपासले जाते. ते काम ती प्रणाली चांगले करते आणि तिच्यामुळे वितरणापेक्षा जास्त रक्कम काढण्याची प्रकरणे अवघड झाली आहेत. पण वरच्या उदाहरणातली पाचही देयके तिथे निर्धोक दिसतात, कारण प्रत्येक देयक ८१ हजारांचे आहे आणि निधी आहे. जडवस्तू नोंदवहीत काय लिहिले आहे हे प्रणालीला दिसत नाही. कोषागारातही तपासणी होते ती समोर आलेल्या देयकाची आणि सोबतच्या कागदांची. या दोन्ही पायऱ्या आवश्यक आहेत, पण त्या लेखापरीक्षेच्या जागी येत नाहीत. मंजुरीची जबाबदारी मंजुरी देणाऱ्याकडे आणि आहरणाची जबाबदारी आहरण अधिकाऱ्याकडेच राहते.

कार्योत्तर मान्यता घेतली की आक्षेप मिटतो ना?

कधी मिटतो, कधी नाही. आक्षेप कोणत्या प्रश्नावर आहे त्यावर ते ठरते.

अधिकारापेक्षा जास्त रकमेची मंजुरी दिली असेल तर ज्याला मूळ प्रकरणात अधिकार होता त्यानेच कार्योत्तर मान्यता द्यायची असते. आमच्या उदाहरणात ती प्रादेशिक कार्यालयाने द्यावी लागेल, आणि तीही त्याच्या स्वतःच्या मर्यादेत पूर्ण ४ लाख ५ हजार बसत असतील तरच. प्रस्तावात पाच तुकडे एकत्र दाखवले पाहिजेत. एकेका ८१ हजारांच्या आदेशाला वेगळी मान्यता मागितली तर जुनीच चूक नव्या कागदावर उतरते. मान्यतेच्या आदेशात आधी मंजुरी का घेता आली नाही, याचे कारणही यायला हवे. ‘प्रशासकीय कारणास्तव’ हे कारण म्हणून चालत नाही.

तरतुदीच्या आक्षेपाला मात्र कार्योत्तर मान्यतेचा उपयोग नाही. विधानमंडळाने दिली नाही ती तरतूद कितीही वरिष्ठ अधिकाऱ्याला मागाहून निर्माण करता येत नाही.

खर्च योग्य होता, फक्त उद्दिष्ट शीर्ष चुकले. एवढ्यावरून परिच्छेद निघतो?

निघतो, आणि तो निघावा असे आमचे मत आहे. यंत्रसामग्रीची तरतूद संपली म्हणून झेरॉक्स यंत्र कार्यालयीन खर्चात टाकले, तर विनियोजन लेख्यात दोन्ही शीर्षांचे आकडे चुकतात. एका ठिकाणी खर्च खोटा वाढलेला, दुसऱ्या ठिकाणी खरी गरज झाकलेली. पुढच्या वर्षीचा अंदाज याच आकड्यांवर बेततात.

सरळ मार्ग पुनर्विनियोजनाचा आहे: एका शीर्षाखालची बचत सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाने दुसऱ्या शीर्षाकडे वळवणे. त्याच्या चौकटी पक्क्या आहेत. ते एकाच मागणीच्या आत करता येते. दत्तमत आणि भारित खर्चात अदलाबदल होत नाही. महसुली आणि भांडवली भागातही होत नाही. विधानमंडळाने विचारच न केलेल्या नव्या बाबीसाठी ते वापरता येत नाही. आणि आदेश वित्तीय वर्ष संपण्याआधी निघाला पाहिजे. एप्रिलमध्ये मागच्या तारखेने काढलेला पुनर्विनियोजनाचा आदेश आवक-जावक नोंदवहीतून ओळखू येतो.

जादा खर्च झाला तर प्रकरण विधानमंडळापर्यंत केव्हा जाते?

एखाद्या उपशीर्षाखाली जादा खर्च झाला, पण संपूर्ण मागणी तिच्या मर्यादेत राहिली, तर विभागाला कारणे द्यावी लागतात आणि पुनर्विनियोजन का केले नाही ते सांगावे लागते. संपूर्ण मागणीचाच, म्हणजे विनियोजन अधिनियमाने दिलेल्या रकमेचा, भंग झाला असेल तर तो खर्च कलम २०५ खाली विधानमंडळाकडूनच नियमित करून घ्यावा लागतो. त्याआधी लोकलेखा समिती कारणे तपासते. मुंबईच्या मंत्रालयात बसलेल्या सचिवाला जिल्ह्यातल्या एखाद्या चुकलेल्या नोंदीबद्दल समितीपुढे उत्तर द्यावे लागते, ते या वाटेने.

पूरक मागणीचेही असेच बारकाईने पाहतात. समजा मूळ तरतूद १०० कोटी, डिसेंबरमध्ये ८ कोटींची पूरक मागणी घेतली आणि वर्षाचा खर्च ९७ कोटी झाला. खर्च मूळ तरतुदीलाही पोचला नाही, म्हणजे पूरक मागणी पूर्णपणे अनावश्यक होती. खर्च १०३ कोटी झाला असता तर ३ कोटींची गरज खरी आणि ५ कोटींचा अंदाज चुकलेला. दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच येतो: पूरक मागणीचा प्रस्ताव पाठवताना तोवरचा खर्च पाहिला होता का? शिवाय बचत आहे हे जानेवारीत दिसत असताना ती ३१ मार्चला प्रत्यर्पित केली, तर ते पैसे गरज असलेल्या दुसऱ्या विभागाला मिळू शकले नाहीत, याचीही नोंद होते.

३१ मार्चला रक्कम काढून बँक खात्यात किंवा स्वीय प्रपंजी लेख्यात ठेवली. पैसे सुरक्षित आहेत, मग चूक काय?

लेख्यात ती रक्कम त्या वर्षी खर्च झाल्याचे दिसते आणि प्रत्यक्षात काम झालेले नसते. विधानमंडळापुढे जाणारा आकडा त्यामुळे चुकीचा होतो. कोषागार नियमांचे मूळ तत्त्व असे आहे की तात्काळ प्रदान करायचे असल्याशिवाय रक्कम काढू नये. अनुदान व्यपगत होऊ नये म्हणून काढून ठेवणे हे त्या तत्त्वाच्या थेट विरुद्ध आहे.

हे ओळखायला फार कष्ट पडत नाहीत. लेखापरीक्षक मार्चच्या शेवटच्या आठवड्यातली आहरणे घेतो आणि समोर रोख पुस्तकातल्या प्रदानाच्या तारखा लिहितो. २९ मार्चला काढलेले १८ लाख पुरवठादाराला १४ सप्टेंबरला दिले असतील, तर मधल्या साडेपाच महिन्यांचे स्पष्टीकरण द्यावे लागते. बहुतेक वेळा पुरवठा आदेशच जूनमधला निघतो. कार्यालयांची अडचण आम्हाला कळते: निधी फेब्रुवारीत येतो आणि तो परत गेला तर पुढच्या वर्षी कपात होईल अशी भीती असते. पण त्यावर उपाय रक्कम वेळेत प्रत्यर्पित करून पुढच्या वर्षी पुन्हा मागणे हा आहे. निधी उशिरा आला असेल तर वितरण आदेशाच्या प्राप्तीची तारीख फाइलवर नोंदवून ठेवावी, म्हणजे उशिराची जबाबदारी योग्य ठिकाणी जाते.

खर्चमेळाचा याच्याशी काय संबंध?

थेट संबंध आहे. तुमच्या नोंदवहीतला खर्च आणि महालेखापाल कार्यालयाने पुस्तकात घेतलेला खर्च दर महिन्याला जुळवला नाही, तर दुसऱ्या कार्यालयाचा खर्च तुमच्या शीर्षाखाली पडलेला वर्षअखेरपर्यंत कळत नाही. लेखे बंद होण्याआधी अशी चूक वर्गीकरण दुरुस्तीने सुटते. नंतर फक्त स्पष्टीकरण देता येते.

खर्च तिन्ही प्रश्नांत बसतो, तरी लेखापरीक्षकाने ‘अनावश्यक खर्च’ असे लिहिले. हे विनियोजन लेखापरीक्षेत येते का?

नाही, ती औचित्याची तपासणी आहे. एकाच भेटीत दोन्ही होतात, पण उत्तर वेगळे द्यावे लागते. तिथे अधिकाराचा शासन निर्णय जोडून उपयोग नसतो, गरज आणि वापर दाखवावा लागतो.

अर्धसमास ज्ञापनाला उत्तर कसे लिहावे?

आधी आक्षेप तीनपैकी कोणत्या प्रश्नावर आहे ते ठरवा आणि त्याच प्रश्नाचे उत्तर द्या. अधिकाराच्या आक्षेपाला ‘पुरेशी तरतूद उपलब्ध होती’ असे उत्तर आम्ही पुन्हा पुन्हा वाचले आहे. ते खरे असते, पण विचारलेले ते नसते. त्यामुळे आक्षेप निरीक्षण अहवालात जसाच्या तसा जातो.

अधिकाराचा आक्षेप असेल तर मंजुरीच्या तारखेला लागू असलेला शासन निर्णय, त्यातला अनुक्रमांक आणि शर्तींचा रकाना यांची प्रत जोडा. मंजुरीचा असेल तर टिप्पणीचे मूळ पान द्या, नंतर तयार केलेला गोषवारा नको. तरतुदीचा असेल तर वितरण आदेश आणि त्या तारखेपर्यंतच्या खर्चाची नोंदवही द्या. कागद सापडत नसेल तर तसे स्पष्ट लिहून मुदत मागा. लेखापरीक्षा पथक कार्यालयात असेपर्यंत दिलेला कागद तिथेच तपासून परिच्छेद वगळता येतो. अहवाल निघाल्यावर तोच कागद अनुपालनातून, वरिष्ठ कार्यालयाच्या शिफारशीसह पाठवावा लागतो आणि परिच्छेद तोवर प्रलंबित राहतो.